परदेशी काजू बीची कसालपोच किंमत : हिशेब आणि त्याचा अर्थ

सिंधुदुर्ग जिल्ह्यात फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत काजू बीची खरेदी चालते. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो, त्या कसाल गावाच्या परिसरातही या दिवसांत बागायतदार आणि खरेदीदार यांच्यात भावावरून घासाघीस होते. खरेदीदार बहुधा एकच मुद्दा पुढे करतो, तो असा की, आफ्रिकेची बी याहून स्वस्त मिळते. हे म्हणणे कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते. त्याची पारख करावयाची तर परदेशातील बंदरावर सांगितलेला भाव आणि कसालच्या कारखान्याच्या दारात पडणारी किंमत यांत किती अंतर असते, हे जाणणे अगत्याचे आहे. या लेखात तो हिशेब एका कंटेनरचे उदाहरण घेऊन क्रमाक्रमाने मांडला आहे. उदाहरणातील भाव, भाडे व खर्च हे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ज्याला प्रत्यक्ष हिशेब करावयाचा असेल त्याने त्या जागी त्या दिवसाचे आकडे घालावेत. रीत तीच राहील.

भारतातील काजू कारखान्यांना परदेशी बी नवी नाही. देशातील उत्पन्न कारखान्यांना वर्षभर पुरत नसल्यामुळे आफ्रिकेतून बी आणण्याची प्रथा फार जुनी आहे. १९७० साली कॅश्यू कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली व काही वर्षे कच्च्या बीची आयात तिच्यामार्फतच होत असे. पुढे आयात खुली झाली आणि कारखानदार स्वतः किंवा व्यापाऱ्यामार्फत कंटेनर मागवू लागले. त्यामुळे किमतीचा हिशेब करण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आली.

भाव कोणत्या ठिकाणचा?

परदेशी मालाचा भाव ऐकताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, हा भाव कोणत्या ठिकाणचा आहे. निर्यात करणाऱ्या देशाच्या बंदरात माल जहाजावर चढवून देईपर्यंतचा भाव असेल तर त्यास व्यापारात एफ. ओ. बी. भाव म्हणतात. त्यात समुद्रप्रवासाचे भाडे नसते व विमाही नसतो. भाडे व विमा मिळवून आपल्या बंदरापर्यंतची जी किंमत होते तिला सी. आय. एफ. किंमत म्हणतात. बाजारात तोंडी सांगितला जाणारा डॉलरचा भाव पुष्कळदा यांपैकी पहिला असतो, आणि ऐकणारा मात्र तो घरपोच भाव समजतो. सीमाशुल्काची आकारणी सी. आय. एफ. किमतीवर होते. त्यामुळे जहाजाचे भाडे वाढले की केवळ भाडेच वाढत नाही, त्यावरील शुल्कही वाढते.

उदाहरणासाठी आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकेतील देशातून एक वीस फुटी कंटेनर मागविला आहे असे धरावे. त्यात ८० किलोची २०० पोती, म्हणजे १६,००० किलो बी आहे. एफ. ओ. बी. भाव टनास १,२५० डॉलर धरल्यास मालाची किंमत २०,००० डॉलर होते. न्हावाशेवा बंदरापर्यंतचे भाडे १,६०० डॉलर व विम्याचा हप्ता १०० डॉलर धरावा. एकूण सी. आय. एफ. किंमत २१,७०० डॉलर झाली. एका डॉलरला ९० रुपये हा दर धरला तर ही रक्कम १९,५३,००० रुपये होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विमा हा सामान्यतः सी. आय. एफ. किमतीच्या एकशेदहा टक्के रकमेचा उतरविला जातो. वरचे दहा टक्के हे माल बुडाल्यास वाया जाणाऱ्या किरकोळ खर्चापोटी असतात. दुसरी गोष्ट डॉलरच्या दराची. सीमाशुल्कासाठी जो दर लागतो तो शुल्क खाते वेळोवेळी जाहीर करते; माल विकणाऱ्याला पैसे पाठविताना मात्र बँकेचा त्या दिवसाचा विक्रीदर लागतो. करार झाल्यापासून पैसे चुकते होईपर्यंत डॉलर दीड रुपयाने महागला तर २०,००० डॉलरवर ३०,००० रुपये जादा पडतात. म्हणजे किलोमागे जवळजवळ दोन रुपयांचा फरक होतो.

सीमाशुल्काची आकारणी

टरफलासह कच्च्या काजू बीवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्के करण्यात आले. त्याच अर्थसंकल्पापासून शुल्काच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागू झाला. तेव्हा १९,५३,००० रुपयांवर २.५ टक्के दराने ४८,८२५ रुपये शुल्क आणि त्यावर सुमारे ४,८८३ रुपये अधिभार, मिळून ५३,७०८ रुपये होतात. शुल्काचे दर अर्थसंकल्पात किंवा अधिसूचनेने बदलू शकतात. बंदरात सादर करावयाच्या बिल ऑफ एंट्री या कागदाच्या तारखेस जो दर असेल तो लागू होतो. कागद जहाज येण्यापूर्वीच दिला असल्यास जहाजाला आत येण्याची परवानगी मिळाल्याच्या तारखेचा दर धरतात.

याशिवाय आयातीवर एकात्मिक वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. काजू बीसाठी तो ५ टक्के दराने, माल व शुल्क यांच्या बेरजेवर आकारला जातो. या कंटेनरवर तो सुमारे १,००,३३५ रुपये होतो. कारखाना या कराखाली नोंदलेला असेल आणि त्याचा तयार माल करपात्र असेल, तर ही रक्कम पुढील करातून वजा मिळते. म्हणून ती किमतीत धरावयाची नसते. पण ती बंदरातच रोख भरावी लागते व परत मिळेपर्यंत अडकून पडते. नोंदणी नसलेल्या लहान उद्योगाला ही वजावट मिळत नाही, आणि त्याच्यासाठी हाच कर किलोमागे सव्वासहा रुपयांचा खरा खर्च होऊन बसतो. दोन कारखान्यांच्या हिशेबांत फरक पडण्याचे हे एक साधे कारण आहे.

भाड्याचे व विम्याचे कागद हाताशी ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. ही रक्कम सिद्ध करता आली नाही तर सीमाशुल्क मूल्यनिर्धारणाच्या २००७ च्या नियमांप्रमाणे भाडे एफ. ओ. बी. किमतीच्या २० टक्के व विमा १.१२५ टक्के धरला जातो. वरील उदाहरणात भाडे १,६०० डॉलरऐवजी ४,००० डॉलर आणि विमा १०० ऐवजी २२५ डॉलर धरला जाईल, व केवळ कागदाअभावी सहा हजारांहून अधिक रुपये जादा शुल्क भरावे लागेल.

बंदरापासून कारखान्यापर्यंत

कंटेनर जहाजावरून उतरला म्हणजे माल हाती आला असे नव्हे. जहाज कंपनीकडून माल सोडण्याचा हुकूम घ्यावा लागतो. बंदराची हाताळणी, कंटेनर ठेवण्याच्या आवाराचे शुल्क आणि रिकामा कंटेनर परत पोचविणे यांचा खर्च असतो. कच्ची बी ही वनस्पतिजन्य वस्तू असल्यामुळे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली तिची तपासणी होते. निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र सोबत असावे लागते व जरूर तेव्हा धुरी द्यावी लागते. हे सर्व सोपस्कार सीमाशुल्क दलाल पार पाडतो व त्याची दलाली घेतो. या सर्वांचा खर्च उदाहरणात ५५,००० रुपये धरला आहे.

त्यानंतर पैशाचे व्याज. माल चढविल्यानंतर लवकरच पैसे द्यावे लागतात आणि पश्चिम आफ्रिकेचा कंटेनर वाटेत जहाज बदलून येत असल्यास प्रवासास बरेच आठवडे लागतात. वीस लाख रुपये दोन महिने अडकले आणि व्याज वर्षाला १२ टक्के असले तर सुमारे ४०,००० रुपये व्याज होते. पतपत्राचे बँक शुल्क ८,००० रुपये धरल्यास या बाबीखाली ४८,००० रुपये होतात. पुष्कळ हिशेबांतून हाच खर्च गळतो, कारण त्याची पावती कोणी वेगळी देत नाही.

अखेरचा टप्पा रस्त्याचा. न्हावाशेव्याहून कसाल चारशेहून अधिक किलोमीटर आहे. मालवाहू गाडीचे भाडे व कारखान्यावरील हमाली मिळून ५०,००० रुपये धरले आहेत. गोव्यातील मुरगाव बंदर कसालला पुष्कळ जवळ आहे. परंतु जवळच्या बंदरात जहाजांची ये-जा कमी असेल तर समुद्रभाडे वाढते व वेळही लागतो. म्हणून केवळ रस्त्याचे अंतर न पाहता दोन्ही मार्गांची संपूर्ण बेरीज करून पाहावी.

आता सर्व बाबी एकत्र मांडल्या असता पुढीलप्रमाणे चित्र दिसते.

मालाची एफ. ओ. बी. किंमत : १८,००,००० रुपये, किलोस ११२.५० रुपये
समुद्रभाडे : १,४४,००० रुपये, किलोस ९.०० रुपये
विमा : ९,००० रुपये, किलोस ०.५६ रुपये
सीमाशुल्क व अधिभार : ५३,७०८ रुपये, किलोस ३.३६ रुपये
बंदर, तपासणी व दलाली : ५५,००० रुपये, किलोस ३.४४ रुपये
बँक व व्याज : ४८,००० रुपये, किलोस ३.०० रुपये
रस्त्याचे भाडे व हमाली : ५०,००० रुपये, किलोस ३.१३ रुपये
एकूण : २१,५९,७०८ रुपये, किलोस जवळजवळ १३५ रुपये

परदेशी बंदरावरील ११२.५० रुपयांची बी कसालला १३५ रुपयांना पडली. अंतर साडेबावीस रुपयांचे, म्हणजे मूळ भावाच्या पाचव्या हिश्शाइतके आहे. त्यात सीमाशुल्काचा भाग लहान असून समुद्रभाड्याचा सर्वांत मोठा आहे, हेही कोष्टकावरून दिसून येईल. बाकीचे बरेचसे खर्च दर कंटेनरमागे ठरलेले असतात. म्हणून कंटेनर पुरता भरला नाही तर किलोमागील खर्च वाढतो.

वजनातील तूट आणि गराचा उतारा

वरील भागाकार १६,००० किलोने केला. परंतु तेवढे वजन कसालला पोचेलच असे नाही. बीतील ओलावा प्रवासात कमी होतो, काही बी सांडते, पोती फाटतात. दोन टक्के तूट धरली तर काट्यावर १५,६८० किलोच भरतात. खर्च तोच राहिल्यामुळे किलोची किंमत १३७ रुपये ७४ पैसे होते.

याहून महत्त्वाची गोष्ट गराची आहे. कारखानदार बी विकत घेतो, पण विकतो तो गर. म्हणून खरा भागाकार बीच्या वजनाने नव्हे, तर निघणाऱ्या गराच्या वजनाने करावयास पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यापारात हा उतारा ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड उपयुक्त गर निघतो या मापाने सांगतात. ४८ पौंडांचा माल म्हणजे एका किलो बीत सुमारे २७२ ग्रॅम गर. ४६ पौंडांचा म्हणजे सुमारे २६१ ग्रॅम. एका किलोच्या नमुन्यातील गराच्या ग्रॅमना ०.१७६४ ने गुणले की पौंडांचा आकडा मिळतो.

करारात ४८ पौंड लिहिले होते, परंतु कसालला नमुना कापला तेव्हा ४६ भरले असे समजावे. कराराप्रमाणे १६,००० किलोतून ४,३५२ किलो गर निघाला असता आणि त्याची कच्ची किंमत किलोस सुमारे ४९६ रुपये पडली असती. प्रत्यक्षात १५,६८० किलोतून ४,०९२ किलो गर निघेल व किंमत सुमारे ५२८ रुपये पडेल. यात भाजणे, फोडणे, सोलणे व प्रतवारी यांचा खर्च अद्याप धरलेला नाही. दोन पौंडांचा उतारा व दोन टक्के वजन यांनी गराच्या किलोमागे सुमारे ३१ रुपये खाल्ले. कोष्टकातील कोणत्याही एका शुल्काचा भार गरावर इतका पडत नाही. यासाठी उतारा ठरलेल्या आकड्याखाली गेल्यास किंमत किती कमी करावयाची व कोणत्या आकड्याखाली माल नाकारावयाचा, हे करारात लिहून घेतात. माल पोचताच तटस्थ तपासनिसाकडून नमुना काढून अहवाल घ्यावा लागतो. मुदत टळल्यावर केलेली तक्रार ऐकून घेतली जात नाही.

किंमत कोठे बिघडते, कोठे सुधारते

उतारा कमी येण्याचे एक कारण कंटेनरच्या आतच घडते. बी पुरती वाळलेली नसेल तर बंद पेटीत तिचा ओलावा वाफ होऊन वर जातो, रात्री गार झालेल्या छतावर त्याचे थेंब धरतात आणि ते वरच्या पोत्यांवर गळतात. दार उघडताच कुबट वास येणे, वरच्या थरातील पोत्यांवर पाण्याचे डाग दिसणे आणि बीवर करडी बुरशी आढळणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी पोती उतरविण्यापूर्वीच छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे आणि भिजलेली पोती निराळी ठेवावीत. सर्व माल एकत्र केल्यावर नुकसान कशाने झाले हे सिद्ध करणे कठीण जाते.

दुसरा बिघाड कागदांचा. मालाचे मूळ वाहतूकपत्र वेळेवर आले नाही, किंवा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रातील पोत्यांची संख्या अन्य कागदांशी जुळली नाही, तर कंटेनर बंदरात अडकतो. ठरावीक मोफत दिवस संपले की आवाराचे भाडे आणि जहाज कंपनीचे कंटेनर अडवून ठेवल्याबद्दलचे शुल्क ही दोन्ही रोज वाढतात. दोन्ही मिळून दिवसाला ५,००० रुपये धरले तरी दहा दिवसांत ५०,००० रुपये होतात. म्हणजे बीच्या किलोमागे ३ रुपये १९ पैसे व गराच्या किलोमागे सुमारे १२ रुपये जादा. संपूर्ण सीमाशुल्काइतका हा भुर्दंड केवळ एका चुकलेल्या कागदाने बसू शकतो.

उलट, एका कागदाने किंमत कमीही होते. अल्पविकसित देशांतून येणाऱ्या मालास भारताने २००८ पासून शुल्कसवलत दिली असून काजू बीचा त्यात समावेश आहे. टांझानिया व गिनी-बिसाऊ यांसारखे काजू पिकविणारे देश या वर्गात मोडतात; आयव्हरी कोस्ट व घाना मोडत नाहीत. सवलतीसाठी माल त्याच देशात पिकल्याचे विहित प्रमाणपत्र लागते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे त्याबाबतची माहिती आयात करणाऱ्यानेही स्वतःजवळ ठेवावी लागते. वरील कंटेनर टांझानियाचा असता व प्रमाणपत्र मान्य झाले असते तर ५३,७०८ रुपये वाचून पोचलेल्या बीची किंमत किलोमागे ३ रुपये ४३ पैशांनी उतरली असती. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, तर पश्चिम आफ्रिकेचा हंगाम बहुतांशी कोकणच्या हंगामाबरोबरच येतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत कोकणी बीशी भावात स्पर्धा होते ती विशेषेकरून पश्चिम आफ्रिकेच्या मालाची.

कसालच्या बागायतदारासाठी या हिशेबाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. परदेशी बी १३७ रुपये ७४ पैशांस पडली, तर स्थानिक बीला किती भाव परवडतो? दोन्ही बींतून सारखाच गर निघत असता तर उत्तर तेवढेच आले असते. परंतु तसे नसते. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या वेंगुर्ला-४ या जातीत गराचे प्रमाण सुमारे ३१ टक्के व वेंगुर्ला-७ मध्ये ३०.५ टक्के सांगितले आहे. बागेतील सरसकट मालाचा उतारा थोडा कमी धरून किलोमागे ३०० ग्रॅम मानावा. परदेशी गराची किंमत किलोस ५२८ रुपये पडत असेल तर ३०० ग्रॅम गर देणाऱ्या स्थानिक बीची तुल्य किंमत सुमारे १५८ रुपये होते. गावातून माल गोळा करण्याचे भाडे व हमाली तीन रुपये वजा केली तर बागायतदाराच्या दारात ती १५५ रुपये राहते.

खरेदीदाराची बाजूही येथे न्यायाने मांडावयास पाहिजे. स्थानिक बी तीन-चार महिन्यांतच विकत घेऊन वर्षभर साठवावी लागते. सहा महिने साठविलेल्या बीवर १२ टक्के दराने व्याज धरले तर किलोस सुमारे नऊ रुपये होतात, आणि तुल्य किंमत १४६ रुपयांपर्यंत उतरते. म्हणजे या उदाहरणात वाळलेल्या चांगल्या बीचा न्याय्य पट्टा १४६ ते १५५ रुपये ठरतो. तो परदेशी बीच्या १३७ रुपये ७४ पैशांच्या वर आहे, आणि तोंडी सांगितल्या जाणाऱ्या ११२ रुपयांच्या तर पुष्कळच वर आहे. एक किलो गरासाठी परदेशी बी ३.८३ किलो फोडावी लागते व स्थानिक ३.३३ किलो, त्यामुळे फोडणीच्या मजुरीतही स्थानिक बी सरस ठरते. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे दहा ग्रॅमची असते, तर किलोत दोनशे भरणारी परदेशी बी पाच ग्रॅमची. मोठ्या अखंड गराला वरची प्रत मिळते, तो लाभ या हिशेबात धरलेला नाही.

मात्र हा पट्टा वाळलेल्या बीचा आहे. झाडाखालून वेचून त्याच दिवशी विकलेली बी वाळताना दहा टक्के घटत असेल तर १५५ रुपयांची तुल्य किंमत १३९ रुपये ५० पैशांवर येते. दोन-तीन दिवस उन्हात वाळवून विकणे व ओली विकणे यांतील पंधरा रुपयांचा फरक हा खरेदीदाराने कापलेला नसून पाण्याचा असतो. कोवळी, किडलेली व वाळलेल्या बीत मिसळलेली ओली बी यांमुळेही तोच परिणाम होतो.

आपल्या मालाचा उतारा बागायतदाराला घरीच काढता येतो. वाळलेल्या ढिगाच्या वरून, मधून व तळातून थोडी थोडी बी घेऊन ती मिसळावी व त्यातून बरोबर एक किलो तोलावी. सर्व बी फोडून गर सालीसकट काढावा. चांगल्या गराचे पूर्ण वजन घ्यावे, डागी व सुरकुतलेल्या गराचे निम्मे धरावे आणि कुजलेला गर सोडून द्यावा. टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून हातांना खोबरेल लावून हे काम करावे. परदेशी मालाचा उतारा याच पद्धतीने, सालीसकट मोजला जातो. यासाठी तुलनाही त्याच मापाने करावी. सोललेल्या गराचे वजन धरल्यास स्थानिक बी अकारण कमी दिसेल.

हा हिशेब कोणासही भाव बांधून देत नाही. गराची मागणी मंदावली, कारखान्याजवळ जुना साठा पडून असला किंवा डॉलर घसरला तर पट्टा खाली सरकतो. जहाजाचे भाडे चढले किंवा आफ्रिकेतील पावसाने तेथील बीचा उतारा बिघडला तर तो वर जातो. परंतु आफ्रिकेचा भाव पुढे केला गेला असता बागायतदाराने तीन गोष्टी विचारणे इष्ट आहे. तो भाव कोणत्या बंदरावरचा, त्या मालाचा उतारा किती पौंडांचा, आणि कारखान्याच्या काट्यावर तो किलोला कितीस पडला? या तिन्हींची उत्तरे मिळाली आणि हाती आपल्या बीच्या उताऱ्याचा ग्रॅमचा आकडा असला, तर उरते ती वर दाखविलेली साधी गुणाकाराची रीत.